एमपीथ्री करायला निघालं की ऑडॅसिटी काय मागते?

ऑडॅसिटी हे आवाज कापण्या-जोडण्याचं मोफत सॉफ्टवेअर आहे. अंधांसाठी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करणारे, स्नेहसंमेलनाच्या नाचासाठी गाणी जोडून देणारे, घरच्या जुन्या कॅसेट कम्प्युटरवर उतरवणारे असे कितीतरी जण ते वापरतात. त्याची 2019 च्या आधीची आवृत्ती ज्यांनी हाताळली, त्यांना एक खिडकी नक्की भेटली असेल. रेकॉर्डिंग झालं, खोकल्याचे आणि दार वाजल्याचे तुकडे काढून टाकले, आता एमपीथ्री करून पाठवायचं म्हणून एक्स्पोर्टवर क्लिक केलं, की पडद्यावर वाक्य यायचं: Audacity needs the file lame_enc.dll to create MP3s. त्याखाली एक रिकामी चौकट आणि दोन बटणं असायची. फाइल तुमच्याकडे असेल तर ती कुठे आहे ते दाखवा, नसेल तर उतरवून घ्या, एवढंच ती खिडकी सांगायची.

बरेच जण इथेच थांबत. सॉफ्टवेअर अर्धवट उतरलं असं वाटून कोणी ते काढून पुन्हा टाकत, तर कोणी ती फाइल गूगलवर शोधून भलत्याच साइटवरून उतरवून घेत आणि सोबत दोन नको ते प्रोग्रॅमही आणत. वास्तविक त्याच एक्स्पोर्टच्या यादीतून वेव, फ्लॅक किंवा ऑग व्हॉर्बिस निवडलं असतं, तर ऑडॅसिटीने काही न मागता फाइल करून दिली असती. अडायचं ते एमपीथ्रीपाशी. सॉफ्टवेअर बिघडलेलं नव्हतं, अपुरंही नव्हतं. ते कायद्याच्या एका रेषेपाशी थांबत होतं. ती रेषा आता एमपीथ्रीवरून सरकली आहे, पण पूर्ण पुसली गेलेली नाही. आजची ऑडॅसिटी एमपीथ्रीसाठी काही मागत नाही, मात्र फोनवरच्या एम-फोर-ए रेकॉर्डिंगसाठी तिला अजून वेगळी लायब्ररी लागते. म्हणून आधी कारण पाहू. ते कळलं की इन्स्टॉल करतानाची प्रत्येक पायरी कशासाठी आहे हेही कळतं.

सीडीवरचा आवाज म्हणजे एका सेकंदाला 44,100 वेळा घेतलेली मोजमापं. डावी-उजवी बाजू धरून असा आवाज मिनिटाला सुमारे 10 एमबी जागा खातो. एमपीथ्री तो दहाव्या भागापर्यंत लहान करते आणि त्यासाठी आपल्या कानाच्या मर्यादेचा उपयोग करते. ढोल वाजत असताना त्याच क्षणी झालेली घड्याळाची टिकटिक कानाला ऐकू येत नाही, मग ती जपून ठेवायची कशाला? कोणता सूर कोणत्या सुराखाली झाकला जातो याचा हिशेब करून उरलेलंच नोंदवायचं, असं हे काम. हा हिशेब करून फाइल लहान करणारा कोड म्हणजे एन्कोडर, आणि ती फाइल उलगडून वाजवणारा तो डिकोडर.

एमपीथ्रीच्या जडणघडणीत जर्मनीतल्या एर्लांगेनच्या फ्राउनहोफर संस्थेचा मोठा वाटा होता आणि तिचं प्रमाणपत्रक 1993 साली आंतरराष्ट्रीय मानक म्हणून प्रसिद्ध झालं. त्या मानकात एक गोष्ट मुद्दाम मोकळी सोडलेली होती. फाइल कशी दिसावी आणि ती कशी वाजवावी हे त्यात काटेकोर ठरवलं होतं, पण फाइल बनवताना आवाजातलं काय ठेवायचं आणि काय टाकायचं याचा निर्णय एन्कोडर लिहिणाऱ्यावर सोपवला होता. त्यामुळे एकच गाणं, एकाच आकाराची फाइल, पण एका एन्कोडरने केलेली ऐकवत नाही आणि दुसऱ्याने केलेली सीडीच्या जवळ जाते, असं होऊ शकतं. मानकाबरोबर नमुन्यादाखल दिलेला एन्कोडर अगदी साधा होता. तो सुधारण्यासाठी 1998 मध्ये माइक चेंग यांनी दुरुस्त्यांचा एक संच लिहिला. त्याचं नाव लेम. सुरुवातीला तो स्वतंत्र एन्कोडर नव्हताच. मूळ नमुन्याला जोडल्याशिवाय त्याचा काही उपयोग नव्हता. पुढे मार्क टेलर यांनी त्याची धुरा घेतली, कानाच्या मर्यादेचा हिशेब करणारा नवा भाग आला, आणि मे 2000 पर्यंत मूळ नमुन्यातली शेवटची ओळही बदलून झाली. जगभरच्या स्वयंसेवकांनी फाइली कानाने ऐकून, चुका कळवून तो घासूनपुसून तयार केला. मोफत एन्कोडरांत लेमचा जो दबदबा आहे, तो या ऐकण्यातून आलेला आहे.

अडचण होती ती पेटंटची. पेटंट कोडवर नसतं, पद्धतीवर असतं. प्रत्येक ओळ स्वतः लिहिली, तरी आवाज लहान करण्याची पद्धत तीच असेल तर परवाना लागतोच. सप्टेंबर 1998 मध्ये फ्राउनहोफरने एमपीथ्रीचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना पत्रं पाठवून परवान्याची मागणी केली. तेव्हापासून मोफत सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांच्या डोक्यावर ही तलवार होती. लेमच्या मंडळींनी त्यातून मार्ग काढला तो असा, की आपण फक्त वाचता येणारा मूळ कोड प्रसिद्ध करायचा, चालवता येणारी तयार फाइल द्यायची नाही. ती फाइल तयार करून देण्याचं काम दुसऱ्या कोणी, दुसऱ्या ठिकाणाहून केलं.

ऑडॅसिटीचा जन्म याच काळातला. अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात 1999 साली डॉमिनिक मॅझोनी आणि रॉजर डॅननबर्ग यांनी ती लिहायला घेतली आणि मे 2000 मध्ये लोकांसाठी खुली केली. तिचा परवाना जीपीएल. कोणीही ती घ्यावी, बदलावी, पुढे वाटावी, अट इतकीच की पुढच्यालाही तीच मोकळीक मिळाली पाहिजे. एमपीथ्रीचा परवाना नेमका याच्या उलट होता. तिथे किती प्रती वाटल्या याच्या हिशेबाने पैसे मोजायचे. जे सॉफ्टवेअर कोण, कुठे, किती जणांना देतं हे कोणालाच ठाऊक नाही, त्याच्या प्रती मोजणार कोण? आणि एखाद्याने पैसे भरले असते, तरी त्याच्याकडून प्रत घेणाऱ्या पुढच्या माणसाला तो परवाना लागू झाला नसता. म्हणून एन्कोडर बाहेर ठेवला. ऑडॅसिटीत फक्त त्याच्यासाठी एक जागा मोकळी ठेवली, आणि ज्याला हवा त्याने तो स्वतः आणून तिथे बसवायचा असं ठरलं. मला हा निर्णय फार सरळ वाटतो. कायदाही मोडला नाही आणि वापरणाऱ्याची वाटही अडवली नाही. गैरसोय झाली, पण ती लपवून ठेवलेली नव्हती.

एमपीथ्रीचा परवाना-कार्यक्रम 23 एप्रिल 2017 रोजी बंद झाला, कारण मुख्य पेटंटांची मुदत संपली होती. त्यानंतर दोन वर्षांनी, मे 2019 मध्ये आलेल्या ऑडॅसिटी 2.3.2 पासून विंडोज आणि मॅकवर लेम आतच बसवलेलं मिळतं. त्यामुळे एमपीथ्रीसाठी अडलेल्या कोणालाही पहिला सल्ला हाच, की जुनी आवृत्ती काढा आणि नवी टाका. lame_enc.dll शोधत बसू नका.

पण प्रत्येक यंत्रावर नवी आवृत्ती चालत नाही. शाळेच्या प्रयोगशाळेतले किंवा घरात कपाटावर पडलेले जुने 32-बिट कम्प्युटर अजून आहेत, आणि त्यांच्यावर जुनी ऑडॅसिटी छान चालते. तिथे लेम हातानेच बसवावं लागतं. ऑडॅसिटी बंद करायची, लेमचा विंडोजसाठीचा इन्स्टॉलर चालवायचा आणि तो सुचवेल तो फोल्डर तसाच राहू द्यायचा. 64-बिट विंडोजवर तो असा असतो:

```
C:\Program Files (x86)\Lame For Audacity\lame_enc.dll
```

32-बिट विंडोजवर यातलं (x86) नसतं. फोल्डर बदलू नये, कारण ऑडॅसिटी याच जागी आधी पाहते. मग ऑडॅसिटी उघडून Edit मेनूतल्या Preferences मध्ये Libraries या पानावर जायचं. तिथे एमपीथ्री लायब्ररीसमोर आवृत्तीचा आकडा दिसला की काम झालं. not found असं दिसलं तर शेजारच्या Locate बटणावरून वरची फाइल दाखवायची. ती दाखवूनही तुमची लायब्ररी या ऑडॅसिटीशी जुळत नाही अशी तक्रार आली, तर समजावं की जुन्या एखाद्या सॉफ्टवेअरबरोबर आलेली त्याच नावाची दुसरीच फाइल उचलली गेली आहे. lame_enc.dll या नावाच्या फाइली अनेक प्रोग्रॅम सोबत आणत, आणि नाव सारखं म्हणून आतला कोड सारखा असेल असं नाही.

आता आजच्या अडचणीकडे येऊ. हल्ली रेकॉर्डिंग होतं फोनवर. आयफोनचं व्हॉइस मेमो एम-फोर-ए फाइल देतं, बऱ्याच अँड्रॉइड फोनांचे रेकॉर्डरही तेच देतात. या फाइलच्या आत एएसी पद्धतीने लहान केलेला आवाज असतो, आणि एएसीचा परवाना-कार्यक्रम अजून चालू आहे. त्यामुळे ऑडॅसिटी ही फाइल आपणहून उघडत नाही आणि बनवतही नाही. त्यासाठी लागतं एफएफएमपेग. फाब्रीस बेलार यांनी 2000 साली सुरू केलेला हा मोफत प्रकल्प म्हणजे आवाजाच्या आणि व्हिडिओच्या जवळजवळ सगळ्या प्रकारच्या फाइली उलगडणारा आणि बांधणारा कोड. जुन्या कीपॅडच्या फोनांतली एएमआर रेकॉर्डिंग, विंडोजच्या डब्ल्यूएमए फाइली हे सगळं त्याच्यामार्फत उघडतं. लेमच्या बाबतीत जी रचना होती तीच इथे आहे. जागा ऑडॅसिटीत, कोड बाहेर.

एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊ. गावच्या वाचनालयात एका शिक्षिकेचं अर्ध्या तासाचं व्याख्यान झालं आणि ते कोणीतरी फोनवर टिपलं. फाइल एम-फोर-ए आहे. वाचनालयाला ते दोन ठिकाणी हवं आहे. सभासदांना ईमेलने पाठवायचं आहे, आणि पेनड्राइव्हवर घालून वाचनालयाच्या स्पीकरवर लावायचं आहे. पेनड्राइव्ह खुपसायची सोय असलेले स्वस्त स्पीकर एमपीथ्री हमखास वाजवतात, एम-फोर-ए वाजवतीलच असं नाही. म्हणजे आत येताना एफएफएमपेग लागणार आणि बाहेर जाताना लेम. कम्प्युटर विंडोजचा, 64-बिट.

पहिली पायरी, audacityteam.org या अधिकृत साइटवरून 64-बिट इन्स्टॉलर घ्यायचा. शोधयंत्रात वर दिसणाऱ्या जाहिरातींवरून घ्यायचा नाही. डाउनलोडच्या पानावर Muse Hub नावाच्या आणखी एका प्रोग्रॅममधून घेण्याचा पर्याय पुढे केलेला असू शकतो. तो नको असेल तर त्याच्याशिवायचा साधा इन्स्टॉलरही तिथेच असतो, आणि आपल्या कामाला तो पुरतो. इन्स्टॉल करताना विचारण्यासारखं काही नाही, पुढे-पुढे करत जायचं.

मग फोनवरची फाइल ऑडॅसिटीत ओढून टाकली, तर ती नकार देते आणि कारणही सांगते: ही एएसी फाइल आहे, एफएफएमपेग लायब्ररीशिवाय ती उघडता येणार नाही. हा संदेश नीट वाचावा, कारण फाइल खराब झाली असती तर असा संदेश आला नसता. Preferences मधल्या Libraries पानावर गेलं की तिथेही No compatible FFmpeg library was found असं दिसेल. शेजारी दोन बटणं आहेत, Locate आणि Download. दुसरं बटण दाबलं की ऑडॅसिटीच्या मदतीचं पान उघडतं आणि आपल्या विंडोजसाठी कोणता इन्स्टॉलर घ्यायचा ते तिथे मिळतं. तोच घ्यावा. ऑडॅसिटी बंद करून तो चालवावा, आणि इथेही फोल्डर बदलू नये. तो साधारणपणे C:\Program Files\FFmpeg For Audacity असतो.

ऑडॅसिटी पुन्हा उघडून Libraries पानावर पाहिलं, की आधीच्या वाक्याच्या जागी F, C आणि U या अक्षरांपुढे कंसात आकडे दिसले पाहिजेत. ही तीन अक्षरं म्हणजे एफएफएमपेगचे तीन भाग. पहिला फाइलचं वेष्टन ओळखतो, दुसरा आतला आवाज उलगडतो, तिसरा या दोघांना लागणारी किरकोळ कामं करतो. तिन्ही सापडले तरच गाडी पुढे जाते.

आकडे दिसले नाहीत तर कारण बहुधा दोनांपैकी एक असतं. पहिलं म्हणजे बिटांचा मेळ नसणं. 64-बिट प्रोग्रॅमला 32-बिट लायब्ररी वापरता येत नाही, आणि उलटही नाही. हा विंडोजचा नियम आहे, ऑडॅसिटीचा हट्ट नव्हे. आपली ऑडॅसिटी कोणती हे पाहायचं असेल तर ती चालू असताना टास्क मॅनेजर उघडावा. 32-बिट प्रोग्रॅमच्या नावापुढे तिथे तसं लिहिलेलं असतं. जुन्या आवृत्तीसाठी कधीतरी बसवलेलं एफएफएमपेग कम्प्युटरवर असतं, मग नवी 64-बिट ऑडॅसिटी येते, आणि लायब्ररी समोर असूनही तिला ती दिसत नाही. अशा वेळी नवी लायब्ररी वेगळी बसवावी लागते.

दुसरं कारण जास्त फसवं आहे. इंटरनेटवर एफएफएमपेग शोधलं की ffmpeg.exe ही एकच मोठी फाइल मिळते. ती खरीच असते, चालतेही, पण काळ्या खिडकीत आज्ञा टाइप करून वापरण्यासाठी ती बनवलेली आहे. लायब्ररीचे सगळे भाग तिच्या पोटात मिसळून टाकलेले असतात, त्यामुळे दुसऱ्या प्रोग्रॅमला त्यातलं काही उचलता येत नाही. ऑडॅसिटीला हव्यात सुट्या dll फाइली. Locate ने फाइल दाखवायची वेळ आली तर avformat या नावाने सुरू होणारी dll दाखवायची. तिच्या नावात एक आकडा असतो. 58 म्हणजे एफएफएमपेगची चौथी पिढी, 59 पाचवी, 60 सहावी. कोणती पिढी चालते हे तुमच्या ऑडॅसिटीच्या आवृत्तीवर ठरतं, म्हणून सगळ्यात ताजं एफएफएमपेग आणून बसवणं हे नेहमी योग्य असतंच असं नाही. मदतीच्या पानावर दिलेलंच घ्यावं.

लिनक्स वापरणाऱ्यांचं काम सोपं आहे. उबुंटू किंवा डेबियनवर एका ओळीत सगळं येतं, आणि बिटांचा किंवा पिढ्यांचा मेळ घालण्याचं काम वितरण करणाऱ्यांनी आधीच केलेलं असतं:

```
sudo apt install audacity ffmpeg
```

लायब्ररी बसली, व्याख्यानाची फाइल उघडली. इथे नवख्या माणसाला एक धक्का बसतो. फोनवर जेमतेम काही एमबी असलेली फाइल ऑडॅसिटीत सेव्ह केली की शेकडो एमबी होते. कारण ऑडॅसिटी काम करताना आवाज पूर्ण उलगडून, प्रत्येक मोजमापाला 32 बिट देऊन ठेवते. मोनो आवाज, अर्धा तास, सेकंदाला 44,100 मोजमापं आणि प्रत्येकी 4 बाइट, म्हणजे साधारण 317 एमबी. हीच ती .aup3 फाइल. ती ऑडॅसिटीच्या कामाची आहे, सभासदांना पाठवायची नव्हे. सेव्ह केलं की काम जपलं जातं. ऐकायची फाइल हवी असेल तर एक्स्पोर्ट करावं लागतं. हा फरक न कळल्यामुळे .aup3 व्हॉट्सअॅपवर पाठवून ती वाजत नाही म्हणणारे पुष्कळ भेटतात.

एक्स्पोर्टची आज्ञा File मेनूत आहे. जुन्या आवृत्त्यांत तिच्यात प्रत्येक प्रकारासाठी वेगळी ओळ होती. 3.4 पासून Export Audio ही एकच खिडकी आहे आणि प्रकार तिथल्या यादीतून निवडायचा. ती आधी audio.com या त्यांच्या साइटवर चढवायचं का असं विचारू शकते. आपल्याला फाइल कम्प्युटरवर हवी आहे, तसं सांगावं. प्रकार एमपीथ्री निवडला की लेमचे कळीचे पर्याय समोर येतात, आणि फाइल चांगली होणार की वाईट हे तिथेच ठरतं.

व्याख्यान एका माणसाचं आहे, म्हणून मोनो निवडायचं. स्टीरिओमध्ये तोच आवाज दोनदा ठेवण्यात अर्थ नाही. बिटरेट म्हणजे एका सेकंदाच्या आवाजाला किती हजार बिट द्यायचे. बोलण्याच्या मोनो आवाजाला 64 पुरतात. हिशेब असा: 64 हजार बिट म्हणजे सेकंदाला 8 हजार बाइट, अर्ध्या तासाला 14.4 एमबी. हेच वेव करून दिलं असतं तर मोनोतही सुमारे 159 एमबी झालं असतं. जीमेलला जोडपत्राची मर्यादा 25 एमबी आहे, आणि ईमेलमधून जाताना फाइल सुमारे एक तृतीयांशाने फुगते. 14.4 चे 19 होतात, तरी मर्यादेत राहतात. बिटरेट 128 केला असता तर 28.8 एमबी झाले असते आणि ईमेल तिथेच अडला असता. ऑडॅसिटीत Insane नावाचा 320 चा तयार पर्याय आहे. जास्त म्हणजे चांगलं असं समजून लोक तो निवडतात. सतार किंवा वाद्यवृंद सीडीवरून घेतला असेल तर त्याचा विचार करावा. फोनवर टिपलेल्या व्याख्यानाला तो फक्त जागा खातो.

बिटरेट कॉन्स्टंट ठेवावा की व्हेरिएबल? गुणवत्तेच्या दृष्टीने व्हेरिएबल हुशार आहे. गुंतागुंतीच्या जागी तो जास्त बिट देतो आणि शांततेच्या जागी कमी. पण स्वस्त स्पीकर अशा फाइलची एकूण वेळ चुकीची दाखवतात, आणि पुढे-मागे सरकवलं तर भलतीकडे जातात. वाचनालयाच्या स्पीकरसाठी मी कॉन्स्टंटच ठेवीन. त्याच कारणाने फाइलचं नाव रोमन लिपीत आणि पुढे 01, 02 असे आकडे देऊन ठेवावं. माहितीच्या चौकटीत शीर्षक देवनागरीत लिहिलं तर कम्प्युटरवर आणि फोनवर नीट दिसतं, पण स्पीकरच्या छोट्या पडद्यावर चौकोन उमटण्याची शक्यता असते.

एक गोष्ट मात्र कोणतीही लायब्ररी देऊ शकत नाही: एकदा टाकून दिलेला आवाज परत. आपली फोनची फाइल एएसीने आधीच छाटलेली होती, आता लेमने ती दुसऱ्यांदा छाटली. एकदा असं झालं तर बोलण्यात कानाला फारसा फरक जाणवत नाही. पण महिन्याभराने त्याच एमपीथ्रीतून तुकडा काढून पुन्हा एमपीथ्री केली, त्यातून पुन्हा तिसरी, तर 'स' आणि 'श' पाण्याखालून आल्यासारखे लागतात, टाळ्यांचा खणखणाट फिसकारल्यासारखा होतो. दुरुस्त्या नेहमी मूळ फाइलवर किंवा .aup3 वर कराव्यात आणि एमपीथ्री दर वेळी तिच्यातूनच नव्याने काढावी.

एएमआर रेकॉर्डिंगच्या बाबतीत ही मर्यादा आणखी स्पष्ट दिसते. आजीच्या ओव्या दहा वर्षांपूर्वीच्या कीपॅडच्या फोनवर टिपलेल्या असतात, आणि एफएफएमपेग बसवल्यावर त्या ऑडॅसिटीत सुरळीत उघडतात. पण तो आवाज सेकंदाला 8,000 मोजमापांनीच घेतलेला असतो, टेलिफोनइतका. त्याची 320 ची एमपीथ्री केली तरी 4,000 हर्ट्झच्या वरचं काही त्यात येत नाही, कारण ते आत कधी गेलंच नव्हतं. अशा फाइलीची एक फ्लॅक प्रत करून दोन ठिकाणी जपावी, आणि नातेवाइकांना ऐकायला 48 किंवा 64 ची मोनो एमपीथ्री द्यावी. मूळ .amr फाइलही फेकू नये. ती अगदी छोटी असते, आणि खरा दस्तऐवज तीच आहे.

गाण्याचा रियाज करणाऱ्यांना आणखी एक अडचण येते. तानपुऱ्याचा एक मिनिटाचा तुकडा कापून, तो फिरून-फिरून वाजावा म्हणून एमपीथ्री केली, तर प्रत्येक फेरीच्या सांध्यावर क्षणभर खंड पडतो. ऑडॅसिटीत ऐकताना तो नसतो, एक्स्पोर्टनंतर येतो. याचं कारण एमपीथ्रीच्या रचनेतच आहे. ती आवाज 1,152 मोजमापांच्या चौकटींत बांधते, म्हणजे सुमारे 26 मिलिसेकंदांच्या, आणि एन्कोडर सुरुवातीला व शेवटी थोडी शांतता भरतो. काही प्लेअर ती शांतता ओळखून गाळतात, बरेच गाळत नाहीत. बिटरेट वाढवून ती जात नाही, लेमची नवी आवृत्ती आणूनही जात नाही. तानपुऱ्याचा तुकडा वेव किंवा फ्लॅक म्हणून काढावा. फ्लॅक वेवच्या साधारण निम्म्या जागेत बसते, तिच्यात आवाजाचा कणही टाकला जात नाही आणि सांधा अखंड राहतो. बहुतेक अँड्रॉइड फोन ती थेट वाजवतात.